चालू गुणोत्तर दोनच्या वर, तरी धंदा अडचणीत?

‘करंट रेशो दोनच्या वर आहे आणि नफा दहा टक्के, म्हणजे धंदा ठणठणीत ना?’

नाही, तेवढ्यावरून सांगता येत नाही. एक नमुना घेऊ. फर्निचरचं छोटं दुकान, एकाच मालकाचं. ताळेबंदात माल २२ लाख, येणं १६ लाख, रोकड २ लाख. म्हणजे चालू मालमत्ता ४० लाख. चालू देणी १८ लाख. मालमत्तेला देण्यांनी भागलं की करंट रेशो, म्हणजेच चालू गुणोत्तर, २.२२. छान दिसतं.

आता येण्याची यादी वयानुसार लावा. सोळातले ८ लाख सहा महिन्यांहून जुने निघतात. बँकासुद्धा कॅश क्रेडिटची मर्यादा काढताना साधारण ९० दिवसांपुढची उधारी धरत नाहीत. हे जुने ८ लाख वगळले आणि मालही बाजूला ठेवला, तर हाताशी १० लाख उरतात, देणी मात्र १८ लाखच. गुणोत्तर ०.५६. गंमत म्हणजे माल जितका पडून राहतो, तितका पहिला आकडा फुगतो! उलट, रोखीने विकणारं किराणा दुकान एकाच्या आसपासही नीट चालतं.

नफ्याचंही तसंच. विक्री ६० लाख, निव्वळ नफा ६ लाख. पण मालक स्वतः दिवसभर राबतो आणि त्याचा पगार खर्चात नाही. एकल मालकीत तो धरलाच जात नाही. त्याच्या जागी महिना ३० हजारांचा माणूस ठेवला, तर वर्षाचे ३.६ लाख वजा होऊन नफा उरतो ४ टक्के.

म्हणून ताळेबंद हाती आला की मी आधी उधारीची वयवार यादी मागतो.