वळणावर कलणारा मारिओ: एका भागाकाराची पार्श्वभूमी

१९९६ च्या जूनमध्ये जपानमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’ या गेममध्ये एके ठिकाणी बाराने भागलेलं आहे. धावता धावता मारिओ वळला की त्याचं धड वळणाच्या आतल्या बाजूला कलतं. किती कलायचं हे ज्या ओळीत ठरतं, तिथेच हा बारा बसलेला आहे. हा कोड आपल्याला वाचता येतो, कारण चाहत्यांनी गेममधल्या यंत्रभाषेवरून तो सी भाषेत पुन्हा उभा केला आणि २०१९ मध्ये तो सर्वांसमोर आला. फंक्शनला `tilt_body_walking` हे नाव त्या चाहत्यांनीच दिलं आहे. आकडे मात्र मूळचे.

बाराकडे येण्याआधी खऱ्या धावपटूकडे पाहू. वळणावर धावणाऱ्याला आत ओढणारं बल पायाखालच्या जमिनीतून मिळतं. तो ताठ राहिला तर पाय आत जातील आणि डोकं बाहेर फेकलं जाईल. म्हणून तो इतका कलतो, की गुरुत्व आणि वळण यांचा एकत्रित भार त्याच्या पायांतूनच जावा. त्या कोनाचं सूत्र छोटं आहे:

```
tan θ = v · ω / g
```

v म्हणजे धावण्याचा वेग, ω म्हणजे दिशा किती झपाट्याने बदलते तो कोनीय वेग, g म्हणजे गुरुत्वाचं त्वरण. ४०० मीटरच्या मैदानी ट्रॅकच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर असते. तिथून कोणी सेकंदाला १० मीटर वेगाने गेला, तर कोन साधारण १६ अंश येतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच की दोन गोष्टींचा गुणाकार लागतो. जागच्या जागी गरकन फिरणारा माणूस कलत नाही, आणि सरळ सुसाट धावणाराही नाही.

संगणकी चित्रणात हा विचार मारिओच्या आधीच आला होता. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ च्या सिग्राफ परिषदेत पक्ष्यांच्या थव्यांवरचा आपला निबंध मांडला. त्यातला पक्षी उडण्याच्या दिशेकडे तोंड करतोच, शिवाय वळताना स्वतःच्या अक्षाभोवती कलतोही. रेनॉल्ड्स यांनी हा कल काढला तो त्वरणावरून: गुरुत्व आणि वळणाचं आडवं त्वरण यांची बेरीज करायची आणि पक्ष्याची ‘वरची’ दिशा त्या बेरजेला जुळवायची. आडवं त्वरण म्हणजे v गुणिले ω, त्यामुळे भौतिकशास्त्र एकच. फरक असा, की त्यांच्या पक्ष्याकडे बलं आणि त्वरणं आधीच मोजलेली होती. गेममधल्या पात्राकडे बहुधा ती नसतात. तिथे खेळाडूचा अंगठा दिशा देतो आणि पात्र तिकडे वळतं, म्हणून ω मोजायचा तर मागच्या फ्रेममधली दिशा आताच्या दिशेतून वजा करायची. मारिओ हेच करतो:

```c
dYaw = m->faceAngle[1] - startYaw;
val02 = -(s16)(dYaw * m->forwardVel / 12.0f);
```

`dYaw` म्हणजे एका फ्रेममध्ये बदललेली दिशा, `forwardVel` म्हणजे पुढचा वेग. सूत्रातला v·ω जसाच्या तसा आहे. फक्त tan गाळला आहे आणि g च्या जागी बारा आला आहे.

पण बाराच का? या गेममध्ये पूर्ण वर्तुळाचे ६५,५३६ भाग केलेले आहेत. धावताना मारिओ एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २,०४८ भाग, म्हणजे ११.२५ अंश वळू शकतो. सपाट जमिनीवर त्याचा भरधाव वेग गेमच्या एककांत ३२. आता २,०४८ गुणिले ३२ भागिले १२ करून पाहा: ५,४६१ येतात. हे बरोबर ३० अंश. पुढच्या ओळींत कोडने कलण्याला मर्यादा घातली आहे तीही 0x1555, म्हणजे तेच ५,४६१. याला योगायोग म्हणायला माझा धीर होत नाही. कुणीतरी आधी ‘तीस अंशांपेक्षा जास्त नको’ असं ठरवलं आणि भरधाव वेगातल्या सर्वांत तीव्र वळणाला नेमके तीस यावेत असा भाजक निवडला, हेच मला पटतं.

खरं सूत्र वापरलं असतं तर काय झालं असतं? सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मारिओ सेकंदाला सुमारे ३३७ अंश वळतो. त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर मानला, तर कोन ७० अंशांच्या वर जातो. मारिओ जमिनीवर आडवाच झाला असता. एवढं झटक्यात वळणं माणसाला शक्य नाही. नियंत्रण चपळ वाटावं म्हणून गेम ते देतो, आणि मग कलणं मात्र डोळ्याला पटेल एवढंच ठेवतो.

या चपळाईमुळे दुसरी अडचण येते. वळण सुरू होताच ω शून्यावरून एकदम कमाल होतो आणि संपताच पुन्हा शून्य. तो थेट धडाला लावला तर धड एका फ्रेममध्ये तीस अंश आपटेल. म्हणून धड दर फ्रेमला १,०२४ भाग, म्हणजे साडेपाच अंशांच्या जरा वर, एवढंच सरकतं. भरधाव असताना कंट्रोलरची काठी ९० अंशांनी उजवीकडे टाकली असं समजा. दिशा आठ फ्रेममध्ये पूर्ण बदलते, सहाव्या फ्रेमला धड तीस अंशांवर पोचतं, दोन फ्रेम तिथे राहतं आणि पुढच्या सहा फ्रेममध्ये ताठ होतं. सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. कलतं ते फक्त धड. पाय चालीच्या ॲनिमेशनप्रमाणेच पडत राहतात, त्यामुळे पाऊल जमिनीत रुतल्यासारखं दिसत नाही.

पाण्यात हाच मारिओ वेगळ्या नियमाने कलतो:

```c
m->faceAngle[2] = -m->angleVel[1] * 8;
```

इथे वेग नाहीच. फक्त कोनीय वेग गुणिले आठ, आणि तोही अख्ख्या शरीराला, कारण रुतायला जमीन नाही. काठी पूर्ण ढकलली की वळण्याचा वेग फ्रेमला ६४० भागांवर जातो, त्याची आठपट म्हणजे २८ अंश. धड हळूहळू सरकवण्याची वेगळी सोयही नाही, कारण ती इथे आधीच केलेली आहे: पोहताना वळण्याचा वेगच फ्रेमला फक्त १६ ने वाढतो. ६४० गाठायला ४० फ्रेम लागतात, म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडं जास्त. पाण्याचा जडपणा त्या १६ मध्ये आहे आणि कल त्याच्या मागून आपोआप येतो. मला हा भाग धावण्याहून सुबक वाटतो. वेग वगळणंही भौतिकशास्त्राला फारसं सोडून नाही: तरंगणाऱ्या शरीराला तोल सावरायचा नसतो. समुद्रसिंह वळताना आडवे होतात ते परांनी पाणी बाजूला रेटण्यासाठी.

पुढच्या पिढीच्या इंजिनांनी पद्धत तीच ठेवली. ‘अनरियल’ इंजिन बनवणाऱ्या एपिकच्या २०२२ मधल्या ‘लायरा’ या नमुना प्रकल्पातही दिशेतला फरक काढून, त्याला फ्रेमच्या वेळेने भागून, त्यावरून कलण्याचं ॲनिमेशन मूळ चालीवर चढवलं जातं. फ्रेमच्या वेळेने भागणं ही भर गरजेची होती. मारिओचा कोड सेकंदाला ३० फ्रेम गृहीत धरतो. वळण्याचा वेग तोच ठेवून फ्रेम ६० केल्या, तर प्रत्येक फ्रेममधला फरक निम्मा होईल आणि तीस अंशांचे पंधराच उरतील.

एक सोय मात्र या बदलात हरवली. मारिओची दिशा १६ बिटांच्या पूर्णांकात असते, त्यामुळे वर्तुळ संपून पुन्हा सुरू होतं तिथेही वजाबाकी आपोआप बरोबर येते. दिशा अंशांत ठेवली की १७९ वरून उणे १७९ वर जाताना खरा फरक दोन अंशांचा असतो, पण वजाबाकी सांगते उणे ३५८. हा दोष ओळखायला पात्राला गोल गोल धावायला लावावं: प्रत्येक फेरीत ते एकदाच, आणि दर वेळी त्याच दिशेला तोंड असताना, उलट्या बाजूला हिसका खातं.