गृहिणीच्या मृत्यूची नुकसानभरपाई

अपघातात गृहिणीचा मृत्यू झाल्यास तिच्या घरकामाचे पैशांत मोल ठरवून कुटुंबाला द्यावयाची भरपाई. भारतात हा प्रश्न मुख्यतः मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांपुढे, मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील दाव्यांत येतो. अधिनियमाच्या कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई ठरवायची असते. मृत व्यक्ती नोकरदार असेल, तर वेतनाचा दाखला हाताशी असतो. गृहिणीच्या बाबतीत मात्र तिचे उत्पन्न न्यायालयालाच गृहीत धरावे लागते आणि पुढचा सगळा हिशेब त्या गृहीत आकड्यावर उभा राहतो.

या विचाराचा उगम नेमका कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही जण तो ‘बेरी विरुद्ध हम’ या १९१५ च्या इंग्लिश खटल्यात शोधतात. पत्नीच्या घरकामाला पतीला मुकावे लागले, तर ते आर्थिक नुकसानच होय, असे तेथे मान्य झाले. त्यापूर्वीचे प्राणघातक अपघातांविषयीचे इंग्लंडमधील (१८४६) आणि भारतातील (१८५५) कायदे अवलंबितांच्या नुकसानीबद्दल बोलत होते, घरकामाचा वेगळा उल्लेख त्यांत नव्हता. भारतापुरते पाहता १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीकडे बोट दाखवले जाते. न कमावत्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये आणि न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न हयात जोडीदाराच्या कमाईच्या एक तृतीयांश धरावे, असे तीत म्हटले होते. तरीही भारतीय पद्धतीचा खरा आरंभ सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील ‘लता वाधवा’ निकालात मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण अनुसूचीने केवळ एक प्रमाण दिले होते, तर या निकालाने घरकामाकडेच पाहिले.

तो खटला ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूर येथे टाटा पोलाद कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या सोहळ्यात लागलेल्या आगीचा होता. भरपाई ठरवण्याचे काम माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्याकडे सोपवण्यात आले होते. त्यांनी धरलेले गृहिणींच्या सेवेचे वार्षिक मूल्य (सुमारे १०,००० ते १२,००० रुपये) सर्वोच्च न्यायालयाला अपुरे वाटले. संपूर्ण कुटुंब सांभाळताना गृहिणी करत असलेली बहुविध कामे लक्षात घेऊन, माफक अंदाजानेही ते महिना ३,००० रुपये असावे, असे न्यायालयाने ठरवले. ३४ ते ५९ या वयोगटाला हा आकडा लागू झाला. त्याहून वृद्ध स्त्रियांसाठी वर्षाला २०,००० रुपये धरले गेले. ३,००० हा आकडा कोणत्याही वेतनमानातून काढलेला नव्हता. तो १९८९ मधील मृत्यूंसाठीचा अंदाज होता, हे नंतर अनेकदा विसरले गेले आणि कितीतरी उशिराच्या अपघातांतही तोच प्रमाण म्हणून वापरला गेला. गृहिणींच्या कुटुंबांवर झालेला हा मोठा अन्याय आहे आणि तो बहुतांशी नकळत झाला.

एक तृतीयांशाच्या सूत्राचा उत्तम नमुना २०१० च्या ‘अरुणकुमार अग्रवाल’ खटल्यात सापडतो. पतीचे मासिक उत्पन्न १५,४१६ रुपये होते. त्याचा तिसरा हिस्सा न्यायाधिकरणाने ५,००० रुपये धरला, म्हणजे वर्षाला ६०,०००. मृत स्त्रीच्या वैयक्तिक खर्चापोटी एक तृतीयांश वजा करून ४०,००० उरले आणि वय ३९ असल्याने १५ चा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला गुणायचा वयानुसार ठरणारा आकडा, लावून ६ लाख रुपये आले. इथवर हिशेब सरळ होता. मग न्यायाधिकरणानेच, ती प्रत्यक्षात काही कमावत नव्हती असे म्हणून, ही रक्कम अडीच लाखांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ६ लाख पूर्ववत केले. न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांनी जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैद्यांच्या बरोबरीने ‘काम न करणाऱ्या’ गटात टाकण्यावर कठोर टीका केली.

मात्र या सूत्रात मूळ दोष आहे. ते घरकाम मोजत नाही, पतीची कमाई मोजते. शेतमजुराची पत्नी आणि अभियंत्याची पत्नी तेवढेच तास राबल्या, तरी पहिलीचे मोल कमी ठरते. गृहिणी विधवा असेल किंवा त्याच अपघातात पतीही गेला असेल, तर सूत्र आणखी अवघड होते. ‘कीर्ती’ खटल्यात (५ जानेवारी २०२१) दिल्लीतील पती-पत्नी दोघेही एकाच अपघातात मरण पावले होते. त्यातील सहमतीच्या निकालपत्रात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी तीन पद्धती मांडल्या: घरी राहिल्याने स्त्रीने सोडलेली संभाव्य कमाई मोजणे, विवाह ही समान भागीदारी मानून पतीच्या उत्पन्नात निम्मा वाटा धरणे आणि तीच कामे पगारी माणसांकडून करून घेण्याचा खर्च काढणे. कोणतीही एक पद्धत सक्तीची केलेली नाही. २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणाचा आधार घेऊन, स्त्रिया बिनमोबदला घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, हेही तेथे नोंदवले आहे.

व्यवहारात न्यायाधिकरणे किमान वेतनाकडे झुकतात आणि हेच अधिक न्याय्य दिसते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे गृहीत उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी असू शकत नाही, असे म्हटले. अर्थात स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्यांची शुश्रूषा ही सारी कामे अकुशल ठरवणारे वेतन ही तळरेषाच मानावी लागेल.

आरंभीच्या आकड्याने किती फरक पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसेल. गृहिणीचे वय ३६, मागे पती व दोन मुले, पतीचे उत्पन्न महिना २४,००० आणि लागू किमान वेतन १२,००० रुपये आहे असे समजू. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘प्रणय सेठी’ निकालाने (२०१७) स्वयंरोजगारितांसाठी ठरवलेली, चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात धरायची ४० टक्के भावी वाढ, ‘कीर्ती’नंतर गृहीत उत्पन्नालाही मिळते. तीन अवलंबित असल्याने वजावट एक तृतीयांश आणि त्याच न्यायालयाच्या ‘सरला वर्मा’ निकालातील (२००९) वयवार तक्त्यानुसार गुणक १५. किमान वेतन धरल्यास १२,००० चे १६,८०० होतात, वजावटीनंतर ११,२०० उरतात, वर्षाचे १,३४,४०० आणि एकूण २०,१६,००० रुपये होतात. एक तृतीयांशाच्या सूत्राने, म्हणजे ८,००० वरून, १३,४४,००० येतात. जुने ३,००० धरून बसल्यास फक्त ५,०४,०००. सहवासहानी, अंत्यविधी व संपदाहानी यांच्या ठराविक रकमा याखेरीज. निवाडा तपासताना म्हणून प्रथम आरंभीचा आकडा कोठून आला आणि भावी वाढ धरली की नाही, हे पाहावे.

वैयक्तिक खर्चाची वजावट वादग्रस्त आहे. पगारातून माणूस स्वतःवर खर्च करतो; घरकामाच्या सेवेचा तिसरा हिस्सा स्त्री स्वतःवर खर्च करते असे म्हणणे तर्काला धरून नाही. तरीही वजावट रूढ आहे.

शेतात मजुरी करून घरही सांभाळणाऱ्या स्त्रीची दोन्ही कामे मोजावीत हे तत्त्वतः योग्य, पण मजुरीचा पुरावा क्वचितच असतो. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील एका प्रकरणात, मृत स्त्री गृहिणी असून तिला उत्पन्न नव्हते म्हणून न्यायाधिकरणाने दावाच फेटाळला होता; मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये तो निर्णय फिरवून भरपाई दिली.

दुसरी अनुसूची आता वापरात नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ खाली, चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी सरसकट ५ लाख रुपये मिळतात, तेथे घरकामाचे मोल काढावे लागत नाही. रेल्वे अपघातांतही रक्कम ठराविक (२०१७ पासून ८ लाख) असल्याने हा प्रश्न येत नाही.