गोल्डन रेशोचा स्कोर म्हणजे सौंदर्य नव्हे

"अ‍ॅपने माझ्या चेहऱ्याला गोल्डन रेशोप्रमाणे 10 पैकी 6.2 दिले, म्हणजे मी खरंच दिसायला कमी आहे का?"

नाही हो, अजिबात नाही. आधी फोटोचंच बघा, 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास 30 टक्के जास्त रुंद दिसतं असं 2018 च्या एका अभ्यासात निघालंय, आणि तोच फोटो 5 फुटांवरून काढला की हा फरक जवळपास जातो. मग चेहरा तोच आणि स्कोर वेगळा, तर अ‍ॅपने नक्की मोजलं काय?

आता तो गोल्डन रेशो, म्हणजे 1.618 हे गुणोत्तर. चेहऱ्यावर इतकी अंतरं आहेत की कुठल्या तरी दोघांचं गुणोत्तर या आकड्याजवळ येणारच, कुठली घ्यायची हे अ‍ॅपवालाच ठरवतो. 2010 मध्ये टोरोंटो आणि सॅन दिएगोच्या संशोधकांनी प्रत्येक बाईच्या फोटोत डोळे-तोंडाचं आणि दोन डोळ्यांमधलं अंतर कमीजास्त करून लोकांना दाखवलं, तर सगळ्यात जास्त आवडलं ते डोळे-तोंडाचं अंतर चेहऱ्याच्या लांबीच्या साधारण 36 टक्के, आणि दोन डोळ्यांमधलं रुंदीच्या 46 टक्के. हे 1.618 नाहीच, हे त्या गटातल्या सरासरी चेहऱ्याचं माप! फोटो गोऱ्या बायकांचे होते, त्यामुळे हेही आकडे स्वतःला लावत बसू नका.

सरासरीकडे झुकणारे चेहरे आवडतात हे खरंय, पण जुळ्यांवरच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं की साधारण निम्मी आवड ज्याची त्याची असते, आणि ती जीन्सपेक्षा जास्त प्रत्येकाच्या स्वतःच्या अनुभवातून, म्हणजे कुठले चेहरे बघत आलो त्यातून घडते. हे कुठलं अ‍ॅप मोजणार?