बँक म्हणते ८० टक्के, पण कशाचे? पुण्यात रिसेल फ्लॅट घेताना पदरचे किती लागतात

गृहकर्जाची फाइल उत्पन्न कमी म्हणून अडते, असं बहुतेकांना वाटतं. पुण्यातल्या रिसेल व्यवहारांत मी ज्या फायली अडलेल्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच साध्या वजाबाकीत अडल्या होत्या. माणूस म्हणतो, "फ्लॅट ८० लाखांचा, बँक ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. सोळा लाख माझ्याकडे आहेत." विसार देऊन मोकळा होतो. दीड महिन्यानं कळतं की सोळा नव्हे, एकोणतीस लाख लागणार आहेत.

हा बारा-तेरा लाखांचा फरक कुठून येतो ते नीट पाहू. बाकी अर्ज, पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट हे सगळेच जमवतात, त्यात कोणी अडत नाही.

आधी टक्केवारीचा नियम. रिझर्व्ह बँकेनं कर्ज आणि घराची किंमत यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत असेल तर ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर गेलं तर ७५ टक्क्यांपर्यंत. हे टप्पे कर्जाच्या रकमेचे आहेत, घराच्या किमतीचे नाहीत. लोक नेमके इथे उलटं वाचतात. ३६ लाखांच्या घराला ८० टक्क्यांनी २८ लाख ८० हजार होतात, पण कर्ज ३० लाखांवर थांबवलं तर ते पहिल्याच टप्प्यात राहतं आणि पूर्ण ३० लाख नियमात बसतात. वरच्या बाजूला याच्या उलट होतं. ९४ लाखांच्या घरापासून एक कोटीपर्यंत कर्ज ७५ लाखांवरच अडून बसतं, किंमत वाढेल तेवढी सगळी भर तुमच्या खिशातून. आणि ही टक्केवारी कमाल आहे. तुमचा तो हक्क नव्हे. इमारत जुनी असेल किंवा कागदांत खोट असेल तर बँक त्याहून कमी देते, आणि तिच्याशी भांडून उपयोग नसतो.

आता मुख्य अडचण, ‘किंमत’ म्हणजे कुठली? मालकाशी ठरलेली? करारनाम्यात लिहिलेली? रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं येणारी? की बँकेच्या व्हॅल्युअरनं काढलेली? बँक करारनाम्यातली रक्कम आणि व्हॅल्युएशन यातली जी कमी ती धरते. मुद्रांक शुल्क मात्र करारनाम्यातली रक्कम आणि रेडी रेकनर यातली जी जास्त तिच्यावर लागतं. म्हणजे कर्ज मोजताना छोटा आकडा, शुल्क मोजताना मोठा. मार दोन्हीकडून तुम्हालाच.

एक नमुना घेऊ. धनकवडीत पंचवीस वर्षं जुना दोन बेडरूमचा फ्लॅट, ठरलेली किंमत ८० लाख. मालक म्हणतो करारनामा ७४ लाखांचा करू, सहा लाख फर्निचरचे वेगळे द्या. व्हॅल्युअर येऊन जातो आणि अहवालात ७२ लाख लिहितो. रेडी रेकनरनं किंमत ६८ लाख. बँकेसाठी घर ७२ लाखांचं झालं. त्याचे ८० टक्के ५७ लाख ६० हजार. म्हणजे मालकाला द्यायच्या ८० लाखांपैकी २२ लाख ४० हजार पदरचे.

याच्यावर मुद्रांक शुल्क. पुणे महापालिका हद्दीत मूळ ५ टक्के, स्थानिक संस्था कर १ टक्का आणि मेट्रो अधिभार १ टक्का, असे ७ टक्के. ७४ लाखांवर ते ५ लाख १८ हजार. नोंदणी फी ३० लाखांवरच्या व्यवहाराला सरसकट ३० हजार. एजंटची दलाली एक टक्का धरली तर ८० हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशनची फी असं मिळून पंचवीसेक हजार. एकूण पदरचे २८ लाख ९३ हजार.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज द्यायला बँकांना मनाई आहे. घर १० लाखांच्या आतलं असेल तरच सूट, आणि पुण्यात त्या किमतीत काय मिळतं ते विचारू नका. त्यामुळे "स्टॅम्प ड्युटीसकट कर्ज करून देतो" असं कोणी म्हणालं तर एवढंच विचारा की कुठल्या कागदावर.

व्हॅल्युएशन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी का येतं? जाहिरातीतलं क्षेत्रफळ सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून असतं, व्हॅल्युअर मंजूर नकाशावरचं कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, मोजतो. मागच्या मालकानं बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवलेला असतो, तो भाग तो धरत नाही. पार्किंग मालक बोलण्यात देतो, कागदावर नसतं. विसार देण्याआधी मालकाकडून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश, आणि जुना करारनामा घेऊन कार्पेट किती लिहिलंय ते बघितलं तर हा धक्का आधीच कळतो. रेडी रेकनर igrmaharashtra.gov.in वर फुकट पाहता येतो.

मग करारनामा पूर्ण ८० लाखांचा केला तर? अनेक जण हा उपाय सुचवतात. व्हॅल्युएशन ७२ लाखच राहतं, त्यामुळे कर्ज ५७ लाख ६० हजारांच्या पुढे एक रुपया सरकत नाही, वर मुद्रांक शुल्क ४२ हजारांनी वाढतं. आणि उलट टोकाचा, म्हणजे फर्निचरच्या नावाखाली रोख देण्याचा मार्ग तर त्याहून वाईट. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमचे सहा लाख कागदावर कुठेच नसतात, व्यवहार फिसकटला तर मागणार कोणाकडे?

दुसरी अडचण पुराव्याची. कर्जाचा चेक निघण्याआधी बँक ओसीआर मागते. स्वतःचा हिस्सा तुम्ही मालकाला दिला याची ती पावती, आणि सोबत पैसे खात्यातून गेल्याचं स्टेटमेंट. हा कागद अर्जाच्या दिवशी कोणाकडेच नसतो, कारण पैसे अजून जमायचे असतात. आमच्या उदाहरणात ७४ वजा ५७.६, म्हणजे १६ लाख ४० हजार खात्यातून दिसले पाहिजेत. वडिलांनी एफडी मोडून दिली तर त्यांच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात घ्या आणि साधं भेटपत्र लिहून घ्या. घरातली साठवलेली रोख विसाराच्या आदल्या आठवड्यात खात्यात भरली की प्रश्न येणारच. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस मालकाच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा असतो. इथे ७४ हजार. तो जास्तीचा खर्च नाही, पण त्याचं चलन ओसीआरच्या हिशोबात जोडा, नाहीतर बँकेचा अधिकारी ७४ हजार कमी पडतात म्हणून फाइल परत देतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि चलन खिशात असून माणूस तीन चकरा मारत होता.

कमी पडलेल्या पैशांसाठी पर्सनल लोन काढण्याची घाई करू नका. पाच लाख, पाच वर्षं, १२ टक्के धरले तर हप्ता अकरा हजारांच्या थोडा वर जातो. तेवढ्याच हप्त्यात साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं जवळपास पावणेतेरा लाखांचं गृहकर्ज बसतं. म्हणजे तुमची हप्त्याची कुवत आधीच काठावर असेल तर पाच लाख मिळवून पावणेतेरा लाखांची पात्रता घालवलीत. पर्सनल लोन सिबिलमध्ये दिसतं आणि मंजुरीनंतर काढलं तरी चेकच्या आधी बँक पुन्हा तपासू शकते.

तारखांचा घोळ विसार पावतीत असतो. "४५ दिवसांत व्यवहार पूर्ण" असं लिहिलेलं असतं आणि लोक ते मंजुरीपासून मोजतात. ते विसाराच्या तारखेपासून असतं. वकिलाचा शोध, व्हॅल्युएशन, सोसायटीची एनओसी, मालकाकडच्या आधीच्या सगळ्या मूळ करारनाम्यांची साखळी, यात एक महिना सहज जातो. साखळीतला एक मूळ कागद हरवलेला निघाला तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, ४५ दिवस तिथेच संपले. विसार पावतीवर दोन ओळी आवर्जून लिहून घ्या: कागदातल्या दोषामुळे कर्ज नाकारलं किंवा व्हॅल्युएशन अमुक रकमेच्या खाली आलं तर विसार परत, आणि मुदत मूळ कागद मिळाल्यापासून. मालक कुरकुरतो, पण ज्याचे कागद स्वच्छ आहेत तो सही करतो. मंजुरीपत्रावर बारीक अक्षरात "व्हॅल्युएशन व कायदेशीर तपासणीच्या अधीन" असं असतं, तेही वाचा. ते पत्र म्हणजे पैसे नव्हेत.

धनकवडीच्या उदाहरणाकडे परत येऊ. ७२ लाखांचा अहवाल हातात असेल तर तो मालकासमोर ठेवता येतो. समजा ७६ लाखांवर, सगळं चेकनं आणि फर्निचरची भानगड न करता, जमलं. कर्ज तेच ५७ लाख ६० हजार. मालकाला पदरचे १८ लाख ४० हजार, मुद्रांक ५ लाख ३२ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली ७६ हजार, बँकेचे पंचवीस हजार, एकूण २५ लाख ३ हजार. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, आणखी ७६ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव करारनाम्यात जोडलं की ही सवलत गेली. तो मालकीत नसतानाही सहकर्जदार राहू शकतो. मात्र मालकी नसेल तर त्या कर्जावरची आयकर वजावट त्याला मिळत नाही, तेव्हा जुन्या करपद्धतीत असाल तर दोन्ही बाजू मोजून मगच नावं ठरवा.

नोंदणी झाली की मूळ करारनामा आणि इंडेक्स टू बँकेत, मग मालकाच्या नावाचा चेक. मूळ कागद बँकेकडे तारण ठेवल्यापासून ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर बँकेकडे तारण असल्याची सूचना, दाखल करायची असते. बँकेचा माणूस "आम्ही करू" म्हणाला तरी दाखल केल्याची पोच त्याच्याकडून मागून घ्या.