स्लॅब आणि विटांच्या भिंतींना लागणारे क्युरिंगचे पाणी

क्युरिंग, म्हणजे साइटच्या भाषेत ‘पाणी मारणे’, यासाठी किती पाणी लागेल हा हिशोब काँक्रीटच्या घनमापावरून काढता येत नाही. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला पुरेल इतके पाणी नेहमीच्या मालात कालवतानाच पडलेले असते. वरून दिलेले पाणी काँक्रीट फारसे पीत नाही. ते आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणून पाण्याचा खप ठरतो तो उघड्या पृष्ठभागावर, ऊन-वाऱ्यावर आणि सर्वांत जास्त गळतीवर.

आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस क्युरिंग हवे. कोरड्या व गरम हवेत मिश्र सिमेंटसाठी 14 दिवसांची शिफारस आहे. ठाणे-नवी मुंबईत घरबांधणीला बहुतेक पीपीसीच वापरतात, त्यामुळे मार्च ते मे या काळात 14 दिवस धरावेत.

घणसोलीसारख्या गावठाणातील एका मजल्याचे उदाहरण घेऊ. स्लॅब 90 चौरस मीटर, महिना एप्रिल. स्लॅब पडला की वरची चमक जाऊन माल आवळेपर्यंत त्यावर पाणी ओतायचे नाही, नाहीतर वरचे सिमेंट धुऊन जाते. तोवर प्लास्टिक अंथरावे, नंतर ओले गोणपाट. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर पाणी साठवायला मालाचे छोटे बांध घालून वाफे बांधायचे. त्यासाठी एक भाग सिमेंटला आठ-दहा भाग वाळू असा कच्चा माल पुरतो, तो नंतर सहज उखडतो. वाफे दोन मीटरपेक्षा मोठे नकोत. गच्चीला शंभरास एक उतार असेल तर नऊ मीटरच्या लांबीत 9 सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे मधे आडवे बांध नसतील तर एका टोकाला तळे आणि दुसऱ्या टोकाला कोरडे काँक्रीट. दोन मीटरच्या वाफ्यात हा फरक 2 सेंटिमीटर राहतो आणि सरासरी 4 सेंटिमीटर पाणी सगळीकडे टिकते.

बांधांची जागा वजा जाता पहिल्या भरणीला सुमारे 3,200 लिटर लागतात. रोज 6 मिलिमीटर वाफ धरली तर 540 लिटर उडतात. बांधांच्या फटी, पाइपांची भोके आणि कडा यांतून 400 लिटर जातात असे धरू. रोजची भर 950 लिटर, 13 दिवसांची साधारण 12,300. एकूण साडेपंधरा हजार लिटर. रोजची भर याच्या दुप्पट लागू लागली तर तो उन्हाचा दोष नाही, बांध फुटला आहे. सकाळी खालच्या मजल्यावर जाऊन सेंट्रिंगच्या फळ्यांखाली थेंब कुठे पडतात ते पाहावे.

दहा हजार लिटरचा टँकर एकदम स्लॅबवर रिकामा करून काही साधत नाही. जास्तीचे गटारात जाते. दोन हजार लिटरची टाकी ठेवून रोज भर घालावी. ओल्या गोणपाटावर प्लास्टिक अंथरले तर खप निम्म्याहून खाली येतो, पण कडा विटांनी दाबाव्या लागतात. खाडीवरचा वारा ते उचलतो.

भिंतीवर पाणी साचत नाही, म्हणून तिथे भिजवण्याच्या पाळ्या मोजायच्या. याच मजल्यावर दारे-खिडक्या वगळून 106 चौरस मीटर भिंत, दोन्ही बाजूंनी 212. चौरस मीटरला एका पाळीत दीड लिटर, दिवसातून तीन पाळ्या, म्हणजे रोज सुमारे 950 लिटर, सात दिवसांचे 6,700. काम थराथराने चढते, पण प्रत्येक थराला सात दिवस मिळाले की बेरीज तीच येते. विटा आधी भिजवलेल्या नसतील तर त्या सांध्यातला ओलावा ओढून घेतात आणि नंतरचे पाणी ते नुकसान भरून काढत नाही. सांधा खिळ्याने खरवडला आणि वाळू सुटली की असे झाले हे कळते. एएसी म्हणजे हलके सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक पातळ चिकट मालात बसवले असतील तर ही पाळी लागत नाही. उलट खूप भिजवलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि गिलाव्याला भेगा पडतात.

खाडीलगतच्या बोअरचे पाणी चवीला खारट लागले तर वापरू नये. आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की पुढे सळई गंजते. भिंतीवर खाऱ्या पाण्याची खूण क्षारांच्या पांढऱ्या थराने लवकर दिसते, स्लॅबमध्ये मात्र ती वर्षानुवर्षे लपून राहते.

वाफ्यातल्या पाण्यात डासांच्या अळ्या आठवड्यात वाढतात आणि महापालिकेचे कर्मचारी साइटवर ते तपासतात. म्हणून पाच-सहा दिवसांनी वाफे एकदा पूर्ण रिकामे करावेत, तेवढा वेळ ओले गोणपाट टाकावे आणि मग पुन्हा भरावे. या फेरभरणीचे 3,200 लिटर दरवेळी वेगळे धरायचे. 14 दिवसांत अशा दोन फेऱ्या होतात.