स्मार्त आणि भागवत एकादशी

प्रत्येक पंधरवड्याच्या अकराव्या तिथीला, म्हणजे वर्षातून २४ वेळा आणि अधिक मास आला तर २६ वेळा, एकादशीचा उपवास येतो. वर्षातल्या काही एकादशींना मात्र पंचांगात लागोपाठ दोन दिवशी नोंद असते: पहिल्या दिवशी ‘स्मार्त एकादशी’ आणि दुसऱ्या दिवशी ‘भागवत एकादशी’. काही पंचांगे दुसरीला ‘वैष्णव एकादशी’ म्हणतात. आकाशातली तिथी एकच असते आणि तिचा आरंभ व शेवटही स्मार्त आणि वैष्णव दोघांना मान्य असतो. मतभेद आहे तो आदल्या दशमीने कोणत्या क्षणापर्यंत संपलेले असावे, यावर. वेगळे दिवस आलेच तर स्मार्तांचा आधी आणि वैष्णवांचा नंतर, हा क्रम कधी उलटत नाही. वैष्णव नियम दशमीला अधिक दूर ठेवतो, म्हणून तो उपवास पुढे ढकलू शकतो, अलीकडे आणू शकत नाही.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी २० तासांच्या आसपास उरकते, तर कधी साडेसव्वीस तासांच्या पुढे जाते. ती दिवसा-रात्री कुठल्याही क्षणी संपते. व्रताला मात्र अखंड दिवस लागतो आणि पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. त्यामुळे कोणत्या वाराला एकादशी म्हणायचे, हे ठरवण्यासाठी नियम करावा लागतो.

स्मार्तांची मर्यादा सूर्योदयाची आहे. सूर्य उगवताना दशमी संपलेली असली आणि एकादशी चालू असली की तो दिवस शुद्ध. वैष्णवांची मर्यादा अरुणोदयाची आहे. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिकांना अरुणोदय म्हणतात. घटिका २४ मिनिटांची, म्हणून हा काळ ९६ मिनिटांचा, म्हणजे १ तास ३६ मिनिटांचा होतो. या काळात दशमीचा अंशही शिल्लक असेल तर एकादशीला दशमीचा ‘वेध’ झाला, ती ‘विद्धा’ झाली असे मानतात आणि उपवास दुसऱ्या दिवशी, म्हणजे बहुधा द्वादशीला करतात. जुन्या भाषेत हेच घटिकांत सांगतात: दिवस-रात्र मिळून ६० घटिका, त्यातल्या ५६ घटिकांनंतरही दशमी उरली तर वैष्णवांना वेध, आणि पुऱ्या ६० घटिका ओलांडून गेली तर स्मार्तांनाही वेध. दशमीविद्ध एकादशी गांधारीने केली आणि तिचे शंभर पुत्र गेले, ही कथा निर्णयग्रंथांत या वेधाच्या निषेधासाठी येते.

दशमी संपण्याची वेळ दिवसाच्या २४ तासांत कुठेही पडू शकते. ९६ मिनिटे हा त्या २४ तासांचा पंधरावा हिस्सा आहे. म्हणजे साधारण पंधरातल्या एका एकादशीला दशमीचा शेवट नेमका अरुणोदयात पडेल. वर्षाला एक-दोन वेळा दोन तारखा येतात, त्यांचे मोठे कारण हेच.

एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दशमी सोमवारी पहाटे ४.५० वाजता संपते, एकादशी मंगळवारी पहाटे ४.१० पर्यंत आणि द्वादशी बुधवारी पहाटे ३.०० पर्यंत आहे, असे समजा. मध्यरात्रीनंतरचे तास २४ च्या पुढे मोजणाऱ्या पंचांगात ही दशमी रविवारच्या ओळीत ‘२८.५०’ अशी दिसेल. पहाटेचा तो क्षण पंचांगाच्या हिशेबी अजून रविवारातच असतो. सोमवारच्या ओळीत दशमी शोधणाऱ्याला ती सापडत नाही आणि एकादशी शुद्ध आहे असा चुकीचा समज होतो. वेध पाहायचा तर नेहमी आदल्या दिवसाची ओळ पाहावी.

आता सूर्योदय पाहू. तिथी संपण्याचा क्षण सबंध देशात एकच असतो, पण सूर्योदय गावोगावी वेगळा. या दिवसांत मुंबईत सूर्य ६.४१ च्या सुमारास उगवतो, तर बराच पूर्वेला असलेल्या नागपुरात ६.१८ च्या सुमारास. त्यातून ९६ मिनिटे वजा केली की मुंबईचा अरुणोदय ५.०५ ला आणि नागपूरचा ४.४२ ला सुरू होतो. ४.५० ला संपलेली दशमी मुंबईच्या अरुणोदयाला शिवत नाही. तिथे स्मार्त आणि वैष्णव दोघेही सोमवारीच उपवास करतील. नागपुरात मात्र तीच दशमी अरुणोदयात आठ मिनिटे शिरली. तिथला स्मार्त सोमवारी उपवास करील आणि वैष्णव मंगळवारी. पंढरपूरचा सूर्योदय ६.३० च्या आसपास धरला तर तिथला अरुणोदय ४.५४ ला लागतो आणि दशमी जेमतेम चार मिनिटांनी बाहेर राहते.

म्हणून दोन पंचांगांत भागवत एकादशीची तारीख वेगळी दिसली की कुणाची तरी चूक झाली असे लगेच मानू नये. छापील पंचांगाचे गणित सहसा एका विशिष्ट गावासाठी केलेले असते आणि ते गाव आरंभीच्या पानांवर दिलेले असते. आपण त्या गावाच्या किती पूर्वेला आहोत हे आधी पाहावे, कारण एका रेखांशाला सूर्योदय चार मिनिटांनी बदलतो. दुसरे कारण गणिताच्या पद्धतीचे आहे. जुन्या सूर्यसिद्धान्ताच्या कोष्टकांवरून काढलेली तिथी आणि आजच्या प्रत्यक्ष निरीक्षणांशी जुळणाऱ्या दृक्‌गणिताची तिथी यांच्या शेवटात काही घटिकांचा फरक पडू शकतो. जिथे निर्णय आठ मिनिटांवर आहे, तिथे तेवढ्याने तारीख सहज बदलते.

वरच्या उदाहरणात पारण्याचा प्रश्नही आहे आणि दोन्ही पक्षांच्या भूमिकेतला खरा फरक मला तिथेच दिसतो. एकादशीचे व्रत द्वादशीला अन्न घेऊन पुरे होते. त्यालाच पारणे किंवा ‘बारस सोडणे’ म्हणतात. द्वादशीच्या पहिल्या चतुर्थांशाला हरिवासर म्हणतात आणि तो टाळून पारणे करायचे असते. सोमवारी उपवास केलेल्या माणसाला मंगळवारी पहाटे ४.१० ला द्वादशी मिळते. तिची एकूण लांबी २२ तास ५० मिनिटे, म्हणून हरिवासर सकाळी ९.५२ च्या सुमारास संपतो. त्यानंतर त्याने जेवावे. नागपूरच्या वैष्णवाचा मंगळवार मात्र उपवासात जातो. बुधवारी सूर्य उगवतो तेव्हा द्वादशी केव्हाच संपलेली असते आणि त्याला त्रयोदशीत पारणे करावे लागते. द्वादशीतले पारणे हुकले तरी चालेल पण दशमीचा स्पर्श नको, असा वैष्णवांचा कल आहे. स्मार्त गृहस्थ द्वादशीतले पारणे साधण्याला अधिक वजन देतो.

हाच कल क्षयाच्या वेळी आणखी स्पष्ट होतो. कधी सूर्योदयानंतर थोडी दशमी असते, मग एकादशी लागते आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपूनही जाते. अशा एकादशीला एकही सूर्योदय मिळत नाही. तिसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला द्वादशी उरत नसेल, तर स्मार्त दशमीचा वेध सोसून पहिल्याच दिवशी उपवास करतात, कारण दुसऱ्या दिवशी केला तर पारण्याला द्वादशी मिळणार नाही. वैष्णव दुसऱ्या दिवशी करतात.

दशमीचा काही संबंध नसतानाही दोन तारखा येऊ शकतात, आणि तेव्हा कारण द्वादशीच्या टोकाला असते. एकादशी पूर्ण शुद्ध आहे, पण द्वादशी वाढून दोन सूर्योदयांना पुरते, असे झाले तर स्मार्त एकादशीच्या दिवशी आणि वैष्णव द्वादशीच्या दिवशी उपवास करतात. द्वादशी पुढच्या सूर्योदयानंतरही उरणार असल्याने वैष्णवांना पारण्याला तीच मिळते. गौडीय परंपरेत या दिवसाला ‘व्यंजुली महाद्वादशी’ असे नाव आहे. एकादशी आणि द्वादशी दोन्ही अशा वाढल्या तर सगळेच दुसऱ्या दिवशी उपवास करतात आणि पंचांगात एकच तारीख दिसते. एकादशी तेवढी वाढली आणि द्वादशी वाढली नाही, तर स्मार्त गृहस्थांचा उपवास पहिल्या दिवशी आणि संन्याशांचा व वैष्णवांचा दुसऱ्या दिवशी येतो.

वैष्णव म्हटले की सर्वांचा नियम एकच, असेही नाही. निंबार्क संप्रदायात ‘कपालवेध’ मानतात. तिथे दशमी मध्यरात्रीच्या पुढे गेली तरी एकादशी विद्ध ठरते. वरच्या उदाहरणातल्या मुंबईच्या निंबार्कीयालाही मंगळवारीच उपवास करावा लागेल.

मग आपण स्मार्त की वैष्णव, हे कसे ठरवायचे? विष्णूची भक्ती करतो म्हणून माणूस या अर्थाने वैष्णव होत नाही, आणि स्मार्त म्हणजे शिवभक्त हेही खरे नाही. श्रुति-स्मृतींत सांगितलेला आचार पाळणारा तो स्मार्त, मग त्याच्या देवघरात विठ्ठल का असेना. वैष्णव संप्रदायाची दीक्षा घेतलेला तो काटेकोर अर्थाने वैष्णव. पण दीक्षा नसलेली असंख्य घरे पिढ्यान्‌पिढ्या भागवत एकादशी धरत आली आहेत. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी तिथिनिर्णयासाठी या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. त्यात स्मार्तपण आणि वैष्णवपण घराण्याच्या परंपरेवरून ओळखावे, हे वृद्धांचे मत नोंदवलेले आहे. त्यामुळे घरात आजवर ज्या दिवशी एकादशी धरली गेली तोच दिवस आपला. सोयीप्रमाणे एका पंधरवड्याला स्मार्त आणि दुसऱ्याला भागवत तारीख निवडणे या मतात बसत नाही.

एकच अडचण दोन्ही पक्षांना सारखी येते. सकाळी द्वादशी फार थोडी उरलेली असते आणि तेवढ्यात स्नान, पूजा, नैवेद्य आवरणे शक्य नसते. अशा वेळी नित्यकर्मे पहाटे लवकर उरकावीत, आणि तेही जमत नसेल तर द्वादशी संपण्यापूर्वी केवळ पाणी पिऊन पारणे करावे, असे शास्त्रकार सांगतात. तेवढ्याने व्रत पुरे झाले असे धरतात आणि जेवण मागाहून, सावकाश होते.