main ब्रांचचं कुलूप आलं कुठून?

लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी. तिथे एकाच सामायिक रिपॉझिटरीत सगळ्यांनी लिहायचंच नव्हतं. प्रत्येकाची आपली प्रत असे आणि कुणाचे बदल आत घ्यायचे हे मेंटेनर ठरवत. म्हणून गिटच्या गाभ्यात रीड, राइट अशा भूमिका नाहीत. पुढे गिटहबसारख्या सेवांमुळे टीमा एकाच रिपॉझिटरीत पुश करू लागल्या. परवानग्यांची गरज तिथून सुरू झाली.

ही गरज किती खरी आहे, हे नोव्हेंबर २०१३ मध्ये जेन्किन्स या ऑटोमेशन सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात दिसलं. त्यांच्या प्लगिनच्या रिपॉझिटरींवर जवळजवळ प्रत्येक योगदानकर्त्याला लिहिण्याचा हक्क होता. एकाच्या मशीनवरच्या चुकीच्या सेटिंगमुळे १८६ रिपॉझिटरींवर जुन्या प्रतींचा फोर्स पुश झाला आणि ब्रांच मागे गेल्या. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. फोर्स पुशने कमिट लगेच पुसले जात नाहीत, फक्त ब्रांचचा निर्देशक हलतो. त्यामुळे गिटहबच्या मदतीने जुने निर्देशक शोधून सगळं परत मिळवता आलं. मला यातला खरा धडा हक्कांचा वाटतो: राइट म्हणजे इतिहास मागे फिरवण्याचाही हक्क, असंच तेव्हा होतं.

२०१५ मध्ये गिटहबने प्रोटेक्टेड ब्रांच आणली आणि निवडलेल्या ब्रांचवर फोर्स पुश आणि डिलीट बंद करता येऊ लागलं. पुढच्या वर्षी रिव्ह्यू आला, मग मंजुरीशिवाय मर्ज नाही ही अटही लावता येऊ लागली. २०१९ मध्ये रीड, राइट आणि ॲडमिन यांच्या मधल्या ट्रायाज व मेंटेन या भूमिका आल्या.

आता नाशिकची एक टीम धरू. पाच जण द्राक्ष पॅकहाउसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितात आणि खाजगी रिपॉझिटरी एकाच्या वैयक्तिक अकाउंटवर आहे. अशा अकाउंटवर मालक आणि कोलॅबोरेटर एवढेच दोन स्तर असतात. नुसत्या वाचनासाठी कुणाला घ्यायचं किंवा एखाद्याला मेंटेन द्यायचं, तर रिपॉझिटरी ऑर्गनायझेशनमध्ये हलवावी लागते. त्यातही मोफत योजनेत खाजगी रिपॉझिटरीवर नियम लिहिता येतो, पण तो लागू होत नाही. सेटिंगमध्ये नियम दिसतो म्हणून टीम निर्धास्त राहते, हा मोठा धोका आहे.

खात्री करायला राइट भूमिकेच्या माणसाने एक किरकोळ कमिट थेट पुश करून पाहावं. मंजुरीशिवाय मर्ज नाही हा नियम लागू असेल तर हे येतं:

```
remote: error: GH006: Protected branch update failed for refs/heads/main.
```

मग ॲडमिनने तेच करावं. त्याचा पुश आत गेला, तर नियमातला Do not allow bypassing the above settings हा पर्याय बंद आहे. तो चालू करेपर्यंत रिव्ह्यूची अट ॲडमिनला लागत नाही.